घंटा झाल्यावर कोण कुठे? शाळा रिकामी करण्याच्या सराव-चित्रफितीचा आढावा

शाळा रिकामी करण्याच्या सरावाच्या ज्या चित्रफिती आपल्याकडे पाहायला मिळतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार कार्यक्रमाच्या चित्रीकरणाचा. अग्निशमन दलाची गाडी मैदानात येते, जवान पेटता सिलिंडर ओल्या गोणपाटाने विझवून दाखवतात, मुले टाळ्या वाजवतात आणि मुख्याध्यापक आभार मानतात. दुसरा प्रकार कार्टूनचा. त्यातली शाळा कोणतीच नसते, त्यामुळे ती सगळ्यांना चालते आणि कोणालाच पुरत नाही. तिसरा प्रकार त्या शाळेच्या स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या जिन्यांवर आणि स्वतःच्या शिक्षकांना घेऊन केलेल्या चित्रफितीचा. पहिल्या दोन्हींतून मुलांना धोक्याची जाणीव होते. बाहेर कसे पडायचे हे मात्र फक्त तिसऱ्या प्रकारातून कळते. या लेखात विचार आहे तो त्याच तिसऱ्या प्रकाराचा आणि त्यातही मुख्यतः संहितेचा.

अशी संहिता लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो: घाबरू नका, रांगेत चला, ढकलू नका. हे सगळे योग्यच आहे, पण शाळांतल्या दुर्घटनांचा इतिहास पाहिला तर मुले सूचना पाळतात असेच दिसते. सूचना देणारी मोठी माणसे अडतात. कोणी निर्णय घ्यायचा, हे आधी ठरलेले नसते. म्हणून संहितेचा मोठा भाग शिक्षकांसाठी असायला हवा.

तीन दुर्घटना, तीन ओळी

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत शाळा सुटण्याच्या सुमारास आग लागली. तळघरातल्या जिन्याच्या पायथ्याशी साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि जिना धुराड्यासारखा काम करू लागला. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होते आणि ते बंद होते, त्यामुळे तिथला मार्ग बराच वेळ मोकळा राहिला. वरच्या मजल्यावर जिन्याला दारच नव्हते. तिथला मार्ग धुराने भरला आणि मुले वर्गांत अडकली. ९२ मुले आणि ३ शिक्षिका गेल्या. या शाळेत सराव होत असत. पण धोक्याची घंटा वाजवायची तर मुख्य शिक्षिकेची परवानगी लागे. धूर दिसल्यावर एक शिक्षिका तिला शोधायला गेली, ती सापडली नाही, तेव्हा त्या शिक्षिकेने स्वतःच्या जबाबदारीवर आपला वर्ग बाहेर काढला आणि मग घंटा वाजवली. शिवाय ती घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. दलाला फोन स्वतंत्रपणे करावा लागला. यातून संहितेची पहिली ओळ मिळते: धूर ज्याला प्रथम दिसेल तोच घंटा वाजवेल, विचारायला जाणार नाही. दुसरी गोष्टही इथूनच मिळते: वर्गातून सर्वांत शेवटी निघणारी व्यक्ती दार ओढून घेईल. कुलूप लावायचे नाही, फक्त ओढून घ्यायचे.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून ठिणगी उडाली आणि वर्गांवरचे गवती छप्पर पेटले. ९४ मुले मृत्युमुखी पडली. जिना अरुंद होता आणि मुले पुष्कळ होती. या घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. त्यानंतर शाळांना अग्निशमन साधने आणि शिक्षकांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. संहितेपुरता धडा असा की जिथे पोषण आहार शिजतो ती खोली नकाशावर आधी काढायची आणि तिच्या शेजारचा जिना पहिल्याच झटक्यात बंद पडेल, असे धरून दुसरा मार्ग दाखवायचा.

तिसरी घटना जपानची. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेने मुलांना वर्गाबाहेर काढून मैदानात आणले. तिथपर्यंत सगळे शिस्तीत झाले. मग सुमारे पन्नास मिनिटे पुढे कुठे जायचे ते ठरेना. शाळेच्या मागे टेकडी होती. शाळेच्या आराखड्यात मात्र पुढचे ठिकाण म्हणून जवळची मोकळी जागा किंवा बाग एवढेच लिहिलेले होते, ठिकाणाचे नाव नव्हते. त्सुनामीत ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने आराखड्यातल्याच त्रुटीबद्दल प्रशासनाला जबाबदार धरले आणि २०१९ मध्ये हा निकाल कायम झाला. संहितेची तिसरी ओळ म्हणून अशी हवी: मैदान सुरक्षित नसेल तर दुसरे ठिकाण अमुक, आणि तिकडे निघायचे हे ठरवणारी व्यक्ती तमुक. दोन्ही जागी नाव हवे.

एक शाळा घेऊन पाहू

हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते ते कळण्यासाठी एक नमुन्याची माध्यमिक शाळा घेऊ. तळमजला आणि वर दोन मजले. प्रत्येक मजल्यावर चार वर्ग, वर्गात ४५ मुले, म्हणजे एकूण ५४०. दोन जिने, प्रत्येकी दीड मीटर रुंद. एक पोषण आहाराच्या खोलीशेजारून उतरतो, दुसरा मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर. तळमजल्याची मुले थेट मैदानात जातात. जिने वापरणारी मुले ३६०.

जिन्यावरून गर्दी उतरते तेव्हा माणसे भिंतीला आणि कठड्याला चिकटून चालत नाहीत. दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा-पंधरा सेंटीमीटर जागा वाया जाते. दीड मीटरपैकी वापरात येतो सव्वा मीटरहून थोडा कमी भाग. अशा जिन्यावरून दर मीटर रुंदीला सेकंदाला जेमतेम एक माणूस उतरतो, असे गर्दीच्या अभ्यासातले ठोकळ प्रमाण आहे. दोन्ही जिने चालू असतील तर प्रत्येकावर १८० मुले येतात आणि ती उतरायला सुमारे अडीच मिनिटे लागतात. एक जिना बंद पडला की ३६० मुले एकाच जिन्यावर येतात आणि वेळ पाच मिनिटांवर जातो. हे प्रमाण मोठ्यांच्या चालण्यावरून काढलेले असल्याने लहान मुलांना याहून कमी वेळ लागेल असे धरू नये.

या हिशेबातून चित्रफितीसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. मुलांच्या पायांचा वेग वाढवून फारसे काही हाती लागत नाही, कारण जिन्याची रुंदी तीच राहते. उलट पळणारे मूल पडले तर अख्खा जिना थांबतो. वेळ वाचतो तो दोन ठिकाणी: घंटा झाल्यापासून वर्गाबाहेर पाऊल पडेपर्यंत, आणि दोन मजल्यांची मुले ज्या मधल्या टप्प्यावर एकत्र येतात तिथे. चित्रफितीने आपला वेळ या दोन ठिकाणी खर्च करावा. मैदानातली सरळ रांग दिसायला छान असते, पण तिच्यासाठी दहा सेकंद पुरेत.

नकाशा आणि बाण

सुटकेच्या नकाशांसाठी आयएसओ २३६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातला सर्वांत उपयोगी नियम असा की नकाशा पाहणाऱ्याच्या दिशेने लावलेला असावा. भिंतीवरच्या नकाशात जे उजवीकडे दिसते ते वर्गातून बाहेर पडल्यावरही उजवीकडेच यायला हवे. शाळांतले बरेच नकाशे वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावरून काढलेले असतात. त्यात उत्तर वर असते, आणि सातवीच्या मुलाला ते उलटे करून वाचावे लागते. चित्रफितीत ही चूक आणखी महाग पडते, कारण बाण सरकत असताना डोक्यात दिशा फिरवायला वेळ नसतो.

म्हणून एका वेळी एकच मजला दाखवावा. आधी त्याच मजल्यावरच्या एका वर्गाच्या दारातून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून, जिन्यापर्यंतची वाट न तोडता चित्रित करावी. मग तीच वाट नकाशावर बाणाने दाखवावी. बाणाचा वेग खऱ्या चालण्याइतका असावा. झरकन पळणारा बाण पाहिला की मूलही तसेच निघते. दिशांऐवजी खुणा सांगाव्यात: पाण्याची टाकी, सूचनाफलक, ग्रंथालयाचे दार. मुख्य मार्ग सलग रेषेने आणि पर्यायी मार्ग तुटक रेषेने काढावा. फक्त हिरवा आणि लाल रंग वापरला तर ज्या मुलांना हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत, त्यांना दोन्ही मार्ग सारखेच भासतील.

नकाशाचे थर वेगवेगळे ठेवणे हे संकलकाला आधीच सांगावे लागते. भिंती आणि जिने एका थरात, बाण दुसऱ्यात, वर्गांची नावे तिसऱ्यात. दर जूनमध्ये तुकड्यांच्या खोल्या बदलतात. नावे चित्रातच कोरलेली असतील तर आठवी ‘ब’चा मार्ग दाखवणारी चित्रफीत पुढच्या वर्षी सातवी ‘अ’ला चुकीचा जिना दाखवेल. सोपा उपाय म्हणजे तुकडीऐवजी खोलीचा क्रमांक वापरणे. खोली क्रमांक १२ कुठे जात नाही.

मैदानातला शेवटचा बाण कुठे थांबतो याकडेही लक्ष हवे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात अंजार इथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुले अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. मुले इमारतीबाहेरच होती, पण मोकळ्या जागेत नव्हती. जमण्याची जागा म्हणून कुंपणाच्या भिंतीलगत, उंच टाकीखाली किंवा फाटकासमोर आखू नये. फाटकासमोर तर नाहीच, कारण अग्निशमनाची गाडी तिथूनच आत येणार.

आवाज

न्यूकॅसल शहरातल्या मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात प्रू आणि साइम या संशोधकांनी केलेला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. नुसती घंटा वाजवली तेव्हा बरेच लोक जागेवरच उभे राहिले. कर्मचारी सोबत असले किंवा काय घडले आहे आणि कोणत्या बाजूने जायचे हे नेमके सांगणारी घोषणा झाली, तेव्हा लोक लवकर हलले. घंटा फक्त लक्ष वेधते. पुढचे काम माणसाच्या आवाजाला करावे लागते. निवेदन शांत हवे, ते घाबरवू नये म्हणून तर खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे ऐकणाऱ्याला नेमके काय करायचे ते समजावे म्हणून.

मराठीत लिहिताना एक अडचण आहे. आपले क्रियापद शेवटी येते आणि ‘नका’ तर त्याच्याही नंतर. ‘जिन्यावरून घाईघाईने पळत जाऊ नका’ या वाक्यात गोंधळातल्या मुलाच्या कानावर पडते ते ‘पळत जाऊ’. ‘नका’ येईपर्यंत शेजारचा मुलगा ओरडलेला असतो. म्हणून नकार टाळून काय करायचे तेवढेच सांगावे, वाक्य चार-पाच शब्दांचे ठेवावे आणि दोन वाक्यांमध्ये ती कृती पूर्ण होण्याइतकी शांतता सोडावी. मागे संगीत नको. सायरनचा विकत मिळणारा आवाजही नको. शाळेची जी घंटा खरोखर वाजणार आहे तीच ध्वनिमुद्रित करावी, आणि तास बदलण्याच्या टोलांपेक्षा ती वेगळी वाजवावी. वीज जाते तेव्हा विजेची बेल बंद पडते, म्हणून पितळी टोल किंवा शिट्टी हा दुसरा मार्गही पडद्यावर दिसायला हवा.

नमुन्याच्या शाळेसाठी मुलांच्या भागाचे निवेदन असे होईल:

*दृश्य: रिकामा वर्ग. घंटा पाच सेकंद ऐकू येते.*
निवेदन: ही आपली घंटा. ती सलग वाजते.
*दृश्य: मुले वह्या बंद करून उभी राहतात.*
निवेदन: हातातले काम थांबवा. दप्तर बाकावर राहू द्या. उभे राहा.
*दृश्य: बाई दार उघडून बाहेर पाहतात, मग उजवा हात वर करतात.*
निवेदन: बाई आधी बाहेर पाहतील. त्या दाखवतील तोच जिना.
*दृश्य: मुलांच्या उंचीवरून जिना. दोन रांगा.*
निवेदन: एक हात कठड्यावर किंवा भिंतीवर. पुढच्याच्या मागे चाला.
*दृश्य: मैदान, खोलीच्या क्रमांकाची पाटी.*
निवेदन: आपल्या पाटीमागे बसा. मोजणी होईपर्यंत तिथेच थांबा.

यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘बाई आधी बाहेर पाहतील’ हे आहे. ठरलेला जिना धुराने भरला असेल तर मुलाने ठरलेला मार्ग पाठ म्हणून तिकडेच जाऊ नये, यासाठी ते आहे. त्यानंतर हेच दृश्य एकदा पुन्हा घ्यावे. या वेळी बाई बाहेर पाहतात, डावा हात वर करतात आणि मुले दुसऱ्या जिन्याकडे वळतात.

भूकंपाचे काय, हा प्रश्न इथे येतोच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-पालघर भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तिथल्या कित्येक मुलांनी तंबूत बसून शिक्षण घेतले. जमीन हलत असताना धावायचे नसते. बाकाखाली बसायचे, डोके झाकायचे आणि बाकाचा पाय धरून ठेवायचा. हलणे थांबल्यावर मग सलग घंटा आणि बाहेर. आग आणि भूकंप एकाच चित्रफितीत कोंबले की मुलांना आगीत बाकाखाली बसावेसे वाटते. दोन वेगळ्या चित्रफिती कराव्यात आणि जोडणारी गोष्ट एकच ठेवावी, ती म्हणजे सलग घंटा.

कोणाचे काम काय

शिक्षकांची चित्रफीत वेगळी आणि मुलांच्या फितीपेक्षा लांब असावी. प्रत्येकाने आपल्या जागी उभे राहून स्वतःचे काम स्वतःच्या तोंडाने सांगावे. दुसऱ्याने वाचून दाखवलेली जबाबदारी लक्षात राहत नाही.

पहिला घोळ वर्गशिक्षकांबद्दल असतो. कागदावर वर्गाची जबाबदारी वर्गशिक्षकांची. पण माध्यमिक शाळेत चौथ्या तासाला त्या वर्गावर गणिताचे सर असतात आणि वर्गशिक्षक दुसऱ्या मजल्यावर इतिहास शिकवत असतात. वर्गशिक्षकाने आपल्या मुलांकडे धाव घेतली तर दोन वर्ग मोकळे पडतात आणि जिन्यावर उलटी वाहतूक सुरू होते. म्हणून संहितेत स्पष्ट असावे: घंटा झाली तेव्हा ज्यांचा तास, त्यांचाच वर्ग. त्या शिक्षकांनी बाहेर पाहायचे, मार्ग दाखवायचा, दाराजवळ टांगलेले कार्ड घ्यायचे, शेवटी निघायचे आणि दार ओढून घ्यायचे. हजेरीपट बहुतेक वेळा कार्यालयात असतो, म्हणून पहिल्या तासालाच त्या दिवशी हजर असलेल्या मुलांची संख्या या कार्डावर लिहून ठेवायची.

ज्यांचा ऑफ तास आहे त्यांच्याकडे दोन कामे येतात. एकाने मधल्या टप्प्यावर उभे राहून वरच्या आणि खालच्या मजल्याच्या रांगा आळीपाळीने सोडायच्या. दुसऱ्याने स्वच्छतागृहे, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहून मग बाहेर पडायचे. ऑफ तास रोज बदलतो, म्हणून वेळापत्रकाच्या प्रत्येक तासाखाली ही दोन नावे छापायची. कोणाचाच ऑफ तास नसेल त्या वेळी ग्रंथपाल आणि लिपिक.

शिपाईकाकांनी घंटा सुरू ठेवायची, मुख्य विजेचा खटका बंद करायचा आणि मोठे फाटक उघडायचे. यात घंटा आधी आणि खटका नंतर, हा क्रम पडद्यावर दिसला पाहिजे. प्रयोगशाळा साहाय्यक आणि आहार शिजवणाऱ्या ताई गॅसची मुख्य चावी बंद करून निघतात. लिपिक १०१ किंवा ११२ वर फोन करून पत्ता आणि जवळची खूण सांगतात. क्रीडाशिक्षक मैदानात पाट्या लावतात. मुख्याध्यापक मैदानाच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहतात. ते इमारतीत फिरत राहिले तर निर्णय कोणाकडे मागायचा हे कळत नाही. ते रजेवर असतील तर उपमुख्याध्यापक, तेही नसतील तर तिसरे नाव. ओकावाची चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही तीन नावे पडद्यावर वाचता येतील एवढा वेळ ठेवायची.

चालताना मदत लागणारे मूल असेल तर त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे हाच खरा उपाय. ते शक्य नसेल तर दोन मोठी माणसे आणि एक राखीव माणूस नावानिशी ठरवावे. ती माणसे पटावर आधीच लिहिलेली असावीत आणि त्या मुलासह त्यांनी सराव केलेला असावा.

चुकते कुठे आणि कळते कसे

चित्रफीत पाहिली म्हणजे सराव झाला, असे समजणे हा सर्वांत मोठा धोका. पडद्यावर पाहिलेला जिना पायांना माहीत होत नाही. म्हणून फीत दाखवल्यावर त्याच दिवशी प्रत्येक वर्गाने आपला मार्ग एकदा आणि पर्यायी मार्ग एकदा चालून पाहावा. नंतरच्या सरावात तीन वेळा नोंदवाव्यात: घंटा ते पहिले मूल दाराबाहेर, घंटा ते शेवटचे मूल जिन्याच्या तळाशी, आणि घंटा ते सर्व वर्गांची मोजणी पूर्ण. पहिली वेळ वाढली असेल तर शिक्षक परवानगीची किंवा दप्तरांची वाट पाहत आहेत. दुसरी वाढली असेल तर मधल्या टप्प्यावर माणूस नाही. तिसरी वाढली असेल तर कार्डे वर्गातच राहिली.

दुसरी चाचणी थोडी खोडकर वाटेल अशी आहे, पण तिच्याइतके खरे उत्तर दुसरी देत नाही. एका जिन्याच्या तोंडाशी न सांगता ‘धूर’ अशी पाटी लावायची, आणि एका शिक्षकाच्या सोबतीने एक मूल ग्रंथालयात बसवून ठेवायचे. मैदानात कोणत्या तरी वर्गाच्या कार्डावर ‘कमी १’ अशी नोंद आली पाहिजे. सगळ्या कार्डांवर ‘पूर्ण’ असेल तर कोणीतरी न मोजताच लिहिले आहे.

तिसरी चाचणी मधल्या सुट्टीची. तेव्हा वर्गात शिक्षक नसतात, मुले पसरलेली असतात आणि सगळी संहिता तास चालू आहे असे गृहीत धरून लिहिलेली असते. त्यासाठी निवेदनात एक जादा ओळ हवी: सुट्टीत घंटा झाली तर जवळचा जिना उतरा आणि मैदानात या. वर्गात परतायचे नाही हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, म्हणून वाक्यात वर्गाचे नावच घेऊ नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. चित्रफितीची उजळणी याच वेळापत्रकाला जोडणे सोयीचे. जुलैपर्यंत तुकड्यांच्या खोल्या ठरलेल्या असतात, नवे शिक्षक रुजू झालेले असतात. तेव्हा नावांचा थर बदलायचा, बदली होऊन गेलेल्या शिक्षकांच्या जागी नव्यांना उभे करून त्यांचे एक-एक मिनिट पुन्हा चित्रित करायचे, आणि पावसाळ्यात मैदानात पाणी साचत असेल तर दुसऱ्या जागेचा बाणही बदलायचा. जानेवारीत फक्त ‘धूर’ पाटीची चाचणी. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की पुढच्या संहितेत कोणते दृश्य लांबवायचे आणि कोणते कापायचे, हे त्या आकड्यांवरूनच ठरवता येते.